अंकी ४८,०१५, अक्षरी ४८,५००

कांदिवलीच्या चारकोप भागात लहान सहकारी गृहनिर्माण संस्थांची दाटी आहे. १९८५ साली सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात, जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधाराने, म्हाडाने इथे छोटे छोटे भूखंड आखून दिले आणि त्या भूखंडधारकांच्या सोसायट्या झाल्या. एवढ्याशा सोसायटीला पगारी मॅनेजर परवडत नाही. खजिनदार नोकरीवरून आल्यावर रात्री व्हाउचर करतो आणि चेक लिहितो, सचिव आणि अध्यक्ष सह्या करतात. सह्या करणाऱ्याची नजर बहुधा चौकटीतल्या आकड्यावर जाते, वरच्या अक्षरी ओळीवर जात नाही.

अशा एखाद्या सोसायटीचं उदाहरण समोर ठेवू. पाण्याचा पंप बिघडला. मेकॅनिकने दुरुस्ती केली, पाइपाचा एक तुकडा बदलला आणि ४८,५०० रुपयांचं बिल दिलं. मेकॅनिक एकटा माणूस, त्याची कंपनी नाही. कामाचं एकरकमी बिल ३०,०००च्या वर गेलं, म्हणून सोसायटीने १ टक्का टीडीएस कापायचा. तो झाला ४८५ रुपये. मेकॅनिकच्या हातात पडायचे ४८,०१५. खजिनदाराने चौकटीत ४८,०१५ लिहिले. मात्र अक्षरी ओळ लिहिताना समोर बिल उघडं होतं, तिथे त्याने लिहिलं ‘अठ्ठेचाळीस हजार पाचशे फक्त’. दोन सह्या झाल्या, चेक मेकॅनिकला गेला.

आता या कागदावर दोन रकमा आहेत. खरी कोणती, असं विचारलं तर दोन वेगवेगळे प्रश्न उभे राहतात आणि त्यांची उत्तरं एक नाहीत. पहिला प्रश्न: हा चेक कायद्याच्या नजरेत किती रुपयांचा? दुसरा: सोसायटी मेकॅनिकचं किती देणं लागते? गोंधळ होतो तो पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यामुळे.

पहिल्याचं उत्तर स्पष्ट आहे. १८८१ सालचा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे बँकेत ज्याला सगळे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट म्हणतात तो, कलम १८ मध्ये सांगतो की रक्कम आकड्यांत एक आणि अक्षरांत दुसरी असेल, तर अक्षरांतली रक्कम हीच देय रक्कम धरायची. म्हणजे हा चेक ४८,५०० रुपयांचा. दुसऱ्याचं उत्तरही तितकंच स्पष्ट आहे: सोसायटीने मेकॅनिकला द्यायचे ४८,०१५. कायदा ज्या रकमेला खरं मानतो, नेमकी तीच इथे चुकलेली आहे. ‘अक्षरी रक्कम खरी’ हे वाक्य तोंडपाठ असलेला माणूस या जागी आकडा खोडून ४८,५०० करील. तसं झालं तर सोसायटीचे ४८५ रुपये जास्त जातील, शिवाय टीडीएसचे ४८५ सरकारकडे वेगळे भरावे लागतील, कारण कर कापायची जबाबदारी सोसायटीवरच आहे.

मग कायद्याने असा नियम का केला? चेक किंवा हुंडी हा हातोहात फिरणारा कागद आहे. तो ज्याच्या हाती येतो त्याला पंप कुठला, बिल कुठलं, कर किती कापला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला कागदाच्या चेहऱ्यावरूनच रक्कम कळली पाहिजे. म्हणून नियम हवा, आणि तो असा हवा की कोणालाही साक्ष काढावी लागू नये. इंग्लंडमध्ये १८३९ साली सॉन्डरसन विरुद्ध पायपर हा खटला झाला. हुंडीच्या कोपऱ्यात आकड्यांत २४५ पौंड होते, मजकुरात ‘दोनशे पौंड’. वर लावलेलं मुद्रांकशुल्कही मोठ्या रकमेचं होतं, म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात २४५ होते असं मानायला चांगली जागा होती. तरीही न्यायालयाने बाहेरचा पुरावा ऐकला नाही आणि दोनशे धरले. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं याचा शोध त्या नियमाने मुद्दाम बंद केला आहे. आपला १८८१चा कायदा त्याच परंपरेतला, आणि इंग्लंडच्या १८८२च्या कायद्यातही हेच कलम आहे.

अक्षरांना झुकतं माप देण्याचं दुसरं कारण हाताशी संबंधित आहे. आकड्यापुढे एक उभी रेघ ओढली की रक्कम कित्येक पटींनी वाढते, मागे एक शून्य जोडलं की दहापट होते. ‘दोन’ या शब्दाचं ‘एकशे वीस’ तसं सहज करता येत नाही. लंडनच्या मॅकमिलन अँड आर्थर या पेढीत नेमकं हे घडलं. कारकुनाने सहीसाठी चेक पुढे केला, त्यावर आकड्यांत फक्त २ होता आणि अक्षरी जागा कोरी. भागीदाराने घाईत सही केली. कारकुनाने दोनच्या आधी एक आणि नंतर शून्य घातलं, कोऱ्या जागेत ‘एकशे वीस पौंड’ लिहिलं आणि पैसे काढले. १९१८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने नुकसान पेढीवरच टाकलं: एवढी मोकळी जागा सोडणं हीच ग्राहकाची हयगय. या चेकवर आकडे आणि अक्षरं पूर्ण जुळत होती, हे ध्यानात ठेवायला हवं. जुळणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. त्या मानाने आपल्या चारकोपच्या चेकवरची तफावत बरी, निदान ती ओरडून सांगते की इथे काहीतरी बिनसलंय.

प्रत्यक्षात मात्र कलम १८ वापरायची वेळ बँक स्वतःवर सहसा येऊ देत नाही. ‘अंकी व अक्षरी रकमेत फरक’ असा शेरा मारून चेक परत करते. बँकेच्या जागी उभं राहून पाहिलं तर ते पटतं. ४८,५०० दिले तर कायदा पाठीशी आहे, पण ग्राहक भांडायला येणार. ४८,०१५ दिले तर ग्राहक खूश, पण कायदा पाठीशी नाही. परत पाठवला तर पैसा जागेवर राहतो आणि ज्याने लिहिलं त्यालाच निस्तरावं लागतं. हा पळपुटेपणा आहे असं मला वाटत नाही. दोन रकमांतली खरी कोणती हे ठरवायला लागणारी माहिती बँकेकडे नसतेच, ती सोसायटीच्या फायलीत असते.

दुसरी गोष्ट, चेकवर खाडाखोड करून दुरुस्ती हा मार्ग आता उरलेला नाही. पूर्वी चुकीवर रेघ मारायची, वर बरोबर रक्कम लिहायची आणि शेजारी पूर्ण सही करायची, अशी रीत होती. अजूनही अनेक ज्येष्ठ मंडळी तसं करतात आणि चेक परत आला की चकित होतात. मुंबईत एप्रिल २०१३ पासून चेक कागदाच्या रूपाने नव्हे, तर प्रतिमेच्या रूपाने क्लिअरिंगला जातो. तुमच्या मेकॅनिकने तो त्याच्या बँकेत भरला की तिथेच त्याचे फोटो निघतात, पुढच्या बाजूचा एक करड्या छटांचा आणि एक काळा-पांढरा, मागच्या बाजूचा काळा-पांढरा, आणि तुमच्या बँकेला ते फोटोच दिसतात. शाई खरवडली आहे का, वरची अक्षरं दुसऱ्या पेनाची आहेत का, हे फोटोत कळत नाही. म्हणून अशा क्लिअरिंगमधल्या चेकांसाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१० पासून नियम केला की तारखेची वैधता वाढवण्याखेरीज कुठलीही दुरुस्ती चालणार नाही. नाव बदलायचं असो, अंकी रक्कम असो की अक्षरी, नवा चेक लिहायचा. थोडक्यात, चेकवर ‘कोणती रक्कम दुरुस्त करायची’ या प्रश्नाचं उत्तर ‘कोणतीच नाही’ असं आहे.

मग खजिनदाराने करायचं काय? मेकॅनिकने चेक अजून भरला नसेल तर परत मागवायचा. त्यावर आडवं ‘रद्द’ लिहायचं, सहीची जागा फाडायची किंवा सहीवर रेघा मारायच्या आणि तो कागद चेकबुकातल्या अर्धुकाला टाचून ठेवायचा, फेकायचा नाही, कारण हिशेब तपासनीस त्या क्रमांकाचं काय झालं हे विचारणारच. मग नवा चेक. मेकॅनिक गावाला गेला असेल किंवा फोन उचलत नसेल तर बँकेला लेखी कळवून पेमेंट थांबवायचं आणि मगच दुसरा चेक लिहायचा. इथे घाई करावी लागते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक ठरावीक वेळेच्या गठ्ठ्यांत न जाता दिवसभर सलग क्लिअरिंगला जातात. सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी वटू शकतो. ‘उद्या बँकेत जाऊन सांगतो’ म्हणण्याइतका अवधी पूर्वी होता, आता नाही. ५०,००० आणि त्यावरच्या चेकना आणखी एक आधार मिळू शकतो: २०२१च्या १ जानेवारीपासून पॉझिटिव्ह पे ही सोय आहे, तिच्यात चेक देणारा आपल्या बँकेला रक्कम, तारीख, नाव आधीच कळवतो आणि क्लिअरिंगच्या वेळी ते ताडून पाहिलं जातं. आपला चेक ५०,०००च्या जेमतेम खाली, त्याला हा आधार नाही.

पण या सगळ्याच्या आधीचं काम म्हणजे कोणती रक्कम खरी हे ठरवणं. त्यासाठी चेककडे कितीही वेळ बघत बसलं तरी उपयोग नाही. दोन रकमा एकमेकींशी भांडत असतील तर त्या दोघी मिळून एवढंच सांगू शकतात की एक तरी चुकली आहे. निवाडा करायला तिसरी रक्कम लागते, आणि ती या दोघींवरून उतरवून घेतलेली नसावी. आपल्या उदाहरणात बिल ही तशी गोष्ट आहे. दोन रकमांतला फरक ४८५, बिलाच्या बरोबर एक टक्का. फरकानेच कारण सांगितलं: एका हाताने कर वजा केला, दुसऱ्याने बिल जसंच्या तसं उतरवलं.

मुंबईच्या पेढ्यांवर एके काळी चालणाऱ्या हुंड्यांमध्ये ही तिसरी रक्कम कागदावरच असायची. हजार रुपयांच्या हुंडीत आकड्यांत हजार, अक्षरांत हजार, आणि पुढे ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट’ असं लिहीत. निमे म्हणजे निम्मे. निम्मी रक्कम लिहायला लिहिणाऱ्याला मनात भागाकार करावा लागतो, नुसती नक्कल करून चालत नाही. त्यामुळे ती बऱ्यापैकी स्वतंत्र साक्ष ठरते. कोणी आकडा वाढवला तर अक्षरं वाढवावी लागणार, आणि दोन्ही वाढवली तरी निमे अडून बसणार. आणि प्रामाणिक चूक झाली तर तीनपैकी ज्या दोन जुळतात त्या धरता येतात. चेकच्या छापील नमुन्यात या तिसऱ्या ओळीला जागा नाही. मला ही उणीव वाटते. कागद स्वतःची चूक दाखवू शकतो, पण सुधारू शकत नाही.

तिसऱ्या रकमेचा हाच विचार आजही जिवंत आहे तो निविदांमध्ये. आणि सोसायट्यांचा मोठा पैसा जातो तोही तिथेच, चेकच्या चुकीत नव्हे. समजा त्याच सोसायटीने इमारतीच्या बाहेरच्या रंगकामाला कोटेशनं मागवली. क्षेत्रफळ ६,४०० चौरस फूट. एका कंत्राटदाराच्या कागदावर दर आकड्यांत ६५ रुपये, अक्षरांत ‘छप्पन रुपये’. दुसऱ्याचा दर निर्विवाद ६० रुपये, म्हणजे एकूण ३,८४,००० रुपये. पहिल्याचा दर छप्पन धरला तर ३,५८,४०० होतात आणि काम त्याला. पासष्ट धरला तर ४,१६,००० आणि काम दुसऱ्याला. कोणाला काम मिळणार हे एका शब्दावर अडलं आहे.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांत यासाठी जो क्रम दिलेला असतो तो मला सगळ्यांत शहाणा वाटतो. आधी पाहायचं की कंत्राटदाराने स्वतः गुणाकार करून जी एकूण रक्कम लिहिली आहे ती कोणत्या दराशी जुळते. जो दर जुळेल तो खरा. कागदावर एकूण ४,१६,००० असेल तर त्याने पासष्टने गुणलं आहे, अक्षरं चुकली. एकूण ३,५८,४०० असेल तर छप्पन खरे. एकूण लिहिलीच नसेल, किंवा ती दोन्हींपैकी कशाशीच जुळत नसेल, तरच अक्षरी दर धरायचा. आणि आकडा व अक्षरं एकमेकांशी जुळत असून फक्त एकूण चुकली असेल, तर दर कायम आणि एकूण दुरुस्त. ‘अक्षरं खरी’ हा नियम इथे शेवटच्या पायरीवर आहे. आधी साक्ष शोधायची, ती नसेल तर नियम.

जागतिक बँकेच्या निविदा नमुन्यांत क्रम थोडा निराळा आहे. तिथे अक्षरी रक्कम वरचढ, पण ती अक्षरी रक्कम मुळात बेरजेच्या किंवा गुणाकाराच्या चुकीतून आलेली असेल तर नाही. आणि दर व एकूण यांत विसंगती असेल तर दर धरायचा, मात्र दरातला दशांशचिन्हाचा घोटाळा उघड दिसत असेल तर उलट, एकूण रक्कम धरून दर सुधारायचा. दोन्ही ठिकाणी दिसतं ते एकच: चूक कशी घडली असावी याचा आधी विचार, मग निर्णय.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट आहे ती वेळेची. नियम कोणताही ठेवा, तो निविदा मागवतानाच्या पत्रात लिहिलेला हवा. पाकिटं उघडल्यावर कंत्राटदाराला ‘तुमचा दर नक्की काय?’ असं विचारलं की खेळ संपला. तोवर त्याला शेजारच्याचा ६० कळलेला असतो. तो सांगणार छप्पन. दुसऱ्याचा दर ७० निघाला असता तर त्यानेच पासष्ट सांगितलं असतं, आणि तरी सर्वांत कमी तोच राहिला असता. म्हणजे दोन दर लिहिणाऱ्याला दोन संधी मिळतात, आणि व्यवस्थित लिहिणाऱ्याला एक. तो मुद्दाम तसं करतो असं नाही. पण विचारण्याने ती संधी सोसायटीच उघडते. म्हणून विचारायचं नाही, आधी ठरलेल्या नियमाने दर ठरवायचा, आणि तो त्याला मान्य आहे की नाही एवढंच लेखी घ्यायचं. मान्य नसेल तर त्याची निविदा बाद.

या उदाहरणात ६५ आणि ५६ मी उगाच घेतले नाहीत. अंकांची अशी अदलाबदल सगळीकडे होते, पण मराठीत तिला एक खास वाट आहे. आपण छप्पन म्हणताना सहा आधी ऐकतो आणि पन्नास नंतर; लिहिताना मात्र पाच आधी. कोणी तोंडी सांगतोय आणि दुसरा भराभर लिहितोय, तेव्हा हात ऐकलेल्या क्रमाने चालतो आणि छप्पनचे ६५ होतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचनाची सोय दिली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचा मुद्दा हाच होता की लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम उलटा असल्याने मुलं अडखळतात. वादात कोणती बाजू घ्यायची ते बाजूला ठेवा. मोठी माणसंही चेक लिहिताना त्याच जागी अडखळतात. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांची तऱ्हा वेगळी. नावात पुढचा दशक ऐकू येतो, म्हणून एकोणसत्तरचे ७९ लिहिले जातात. इथे फरक बरोबर दहाचा पडतो.

अदलाबदल झाली आहे का, हे ओळखायची हिशेबनिसांची जुनी खूण आहे: दोन रकमांतल्या फरकाला नऊने भाग जातो का पाहायचं. ६५ उणे ५६ बरोबर ९. कारण सोपं आहे. दशकाच्या घरातला अंक एककाच्या घरात गेला की त्याची किंमत दहापटीवरून एकपट होते, म्हणजे त्याच्या नऊपट कमी होते; दुसऱ्या अंकाची नऊपट वाढते; उरतो तो फरक नऊच्याच पटीत. ४७,५०० चे ४५,७०० झाले तर फरक १,८००, तोही नवाच्या पटीत. पण या खुणेवर फार विसंबू नये. शून्य गळालं तरी फरक नवाच्या पटीत येतो: ४८,००० चे ४,८०० झाले तर फरक ४३,२००. शिवाय कुठलेही दोन आकडे घेतले तरी नवातून एकदा तसं योगायोगाने होतंच. फरकाला नऊने भाग गेला नाही तर मात्र एवढं नक्की की नुसती अदलाबदल नाही, दुसरं काहीतरी शोधायचं. आपल्या पंपाच्या चेकमधला ४८५ नऊने भागला जात नाही, आणि तिथे कारण खरंच वेगळं होतं. मुख्य मर्यादा ही की फरकावरून चुकीची जात कळते, चूक कोणत्या बाजूला आहे हे कळत नाही. त्याला पुन्हा बिलच लागतं.

एक तफावत अशीही असते जिच्यात काहीच चुकलेलं नसतं. चेक मराठीत लिहिता येतो आणि देवनागरी अंकही चालतात. पण देवनागरी एक घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि पाच काही हातांत इंग्रजी चारच्या जवळ जातो. इंग्रजी अंकांची सवय असलेल्या कारकुनाला आकडा एक दिसतो आणि अक्षरी ओळ दुसरंच म्हणते. लिहिणाऱ्याने दोन्हीकडे एकच रक्कम लिहिलेली असते. कलम १८ सगळ्यांत न्याय्य ठरतं ते अशा वेळी. तरीही चेक परत यायचा तो येतोच, म्हणून एकाच चेकवर अंकांची लिपी मिसळू नये आणि आकडा लिहिताना एकची शेपटी नीट खाली ओढावी.

चेक नवा लिहिता येतो, पण सोसायटीच्या दप्तरातले बाकीचे कागद तसेच राहतात आणि तिथे दुरुस्ती करावीच लागते. व्हाउचरवर अक्षरी रक्कम चुकली असेल तर चुकीवर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर रक्कम, शेजारी सही आणि दुरुस्तीची तारीख. पांढरी शाई लावायची नाही. पंपाच्या व्हाउचरवर तर तिन्ही रकमा ओळीने लिहाव्यात: बिल ४८,५००, वजा कर ४८५, देय ४८,०१५, आणि अक्षरी रक्कम लिहायची ती फक्त शेवटच्या ओळीची. वजाबाकी त्याच कागदावर असली की पुढच्या वर्षी तपासनीसाला कोणालाही विचारावं लागत नाही. सभासदाला दिलेल्या पावतीत चूक असेल तर मात्र सभासदाकडची प्रत आणि पुस्तकातली कार्बन प्रत या दोन्ही एकदम सुधाराव्या लागतात. एकच सुधारली तर कालपर्यंत एका कागदात असलेली तफावत आता दोन कागदांमध्ये जाते, आणि ती शोधायला कठीण. मूळ पावती परत मिळत नसेल तर पुस्तकातल्या प्रतीला हात न लावता नवी पावती करून जुनीचा क्रमांक तिच्यावर लिहिणं बरं.

सगळ्यांत अवघड कागद म्हणजे नोंदणी झालेला फ्लॅटचा करार. कांदिवली बोरिवली तालुक्यात येते. तिथल्या दुय्यम निबंधकाकडे करार नोंदला गेला आणि नंतर लक्षात आलं की मोबदला आकड्यांत बासष्ट लाख आणि अक्षरांत सव्वीस लाख आहे, तर त्या कागदावर पेन लावायचा अधिकार खरेदीदाराला नाही, विकणाऱ्याला नाही आणि वकिलालाही नाही. खरी रक्कम कोणती हे इथेही बाहेरूनच ठरतं, आणि सुदैवाने साक्षी पुष्कळ असतात: बँकेतून गेलेले हप्ते, कर्जमंजुरीचं पत्र, कापलेला टीडीएस, भरलेलं मुद्रांकशुल्क. मात्र मुद्रांकशुल्काची साक्ष जपून घ्यावी. ते करारातल्या मोबदल्यावर किंवा सरकारी बाजारमूल्यावर, जे जास्त असेल त्यावर, भरलेलं असतं. त्यामुळे शुल्काच्या आकड्यावरून उलट हिशेब केला तर मोबदला न मिळता बाजारमूल्यच मिळण्याची शक्यता असते. रक्कम पक्की झाली की दोन्ही पक्षांनी चूकदुरुस्तीचा स्वतंत्र लेख करायचा, त्यात मूळ दस्ताचा क्रमांक आणि तारीख द्यायची, चुकलेले शब्द जसेच्या तसे उतरवायचे, त्याखाली बरोबर शब्द लिहायचे, आणि तोही लेख नोंदवायचा. एक पक्ष सही करायला तयार नसेल तर १९६३च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम २६ आहे. दोघांच्या समान चुकीमुळे दस्तात खरा हेतू उतरला नाही हे सिद्ध झालं तर न्यायालय दस्त सुधारून देऊ शकतं. हुंडीच्या बाबतीत १८३९ साली जो बाहेरचा पुरावा न्यायालयाने ऐकला नाही, तसलाच पुरावा इथे ऐकला जातो, कारण हा कागद हातोहात फिरत नाही आणि त्यावर सह्या करणारे दोघेही समोर उभे असतात.